चिडवण्याबद्दल वर्गशिक्षिकेला मेसेज: काय लिहायचं, काय टाळायचं

प्रश्न: «मुलगा चौथीत आहे, बोलताना अडखळतो. वर्गातली दोन मुलं त्याची नक्कल करतात. बाईंना भेटायचंय. मेसेज कसा लिहू? भांडायला आल्यासारखं वाटू नये, पण त्यांनी मनावरही घ्यावं.»

आधी मुलाशी एकदा निवांत बोलून घ्या आणि तो जे सांगेल ते त्याच संध्याकाळी त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. «मग काय झालं?», «तेव्हा तू कुठे होतास?», «आणखी कोण होतं?» एवढेच प्रश्न पुरतात. «त्याने तुला ढकललंसुद्धा का?» असं विचारलंत, तर आपल्याला काय ऐकायचंय हे मुलं ओळखतात आणि हो म्हणून टाकतात. रोज खोदून विचारलं तरी तेच होतं. मग बाई विचारतात तेव्हा हकीकत बदलते आणि खरं बोलणारं मूल खोटं पडतं.

लिहिताना मुलाने सांगितलेलं, तुम्ही स्वतः पाहिलेलं आणि तुम्ही लावलेला अर्थ यांची सरमिसळ करू नका. पहिल्या दोन गोष्टी मेसेजमध्ये येऊ द्या, तिसरी बाहेर ठेवा. «ती मुलं त्याला मुद्दाम त्रास देतात» हा अर्थ झाला. त्यावर बाईंना करण्यासारखं काही नसतं, उलट त्या मुलांची बाजू घेण्याची पाळी त्यांच्यावर येते. «मराठीच्या तासाला धडा वाचताना मागच्या बाकावरून नक्कल झाली» हे मात्र त्या दुसऱ्याच दिवशी स्वतः पाहू शकतात.

तुमच्या बाबतीत मेसेज साधारण असा होईल:

«नमस्कार मॅडम, मी चौथी ब मधल्या ____ची आई. एका गोष्टीबद्दल आपल्याला भेटायचं आहे.

सोमवारी, ८ तारखेला, मराठीच्या तासाला तो मोठ्याने वाचत असताना ____ आणि ____ यांनी त्याच्या अडखळण्याची नक्कल केली, असं त्याने सांगितलं. बुधवारी, १० तारखेला, मधल्या सुट्टीत नळाजवळ त्याला ‹त-त-तू› अशी हाक मारली, असंही तो म्हणाला. हे मी पाहिलेलं नाही, त्याने सांगितलं तसं लिहिते आहे. गुरुवारपासून तो सकाळी पोट दुखतं म्हणतो आणि डबा तसाच परत आणतो, हे मी पाहते आहे.

वर्गात आपल्याला काय दिसतं आणि त्याच्याकडूनही काही घडतं का, हे समजून घ्यायचं आहे. मंगळवारी किंवा बुधवारी शाळा सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटं मिळतील का? आपली दुसरी सोयीची वेळ असेल तर तीही चालेल. तोपर्यंत कृपया वर्गासमोर त्याला किंवा त्या मुलांना याबद्दल विचारू नये, ही विनंती.»

शेवटची विनंती गाळू नका. बाई चांगल्या मनाने भर वर्गात विचारतात, «याला कोण चिडवतं रे?» आणि त्या दिवसापासून मुलाला चुगलखोर हे आणखी एक नाव चिकटतं. दोघांना समोरासमोर उभं करून «सॉरी म्हणा, हात मिळवा» हाही तसलाच प्रकार. बरोबरीच्या भांडणात तो चालतो. एकाच मुलाला दोघं मिळून पुन्हा पुन्हा चिडवत असतील, तर नको.

«त्याच्याकडूनही काही घडतं का» हे वाक्य लिहिताना कमीपणा वाटेल, तरी राहू द्या. त्या एका वाक्याने बाई मोकळेपणाने बोलतात.

दुसऱ्या मुलांची नावं फक्त बाईंच्या खासगी मेसेजमध्ये. वर्गाच्या पालक ग्रुपवर अवाक्षरही नको, त्यांच्या आईवडिलांना परस्पर फोनही नको. त्यांच्या घरच्यांबद्दल किंवा संस्कारांबद्दल एक शब्द लिहिलात, तरी चर्चा तिकडेच वळते. गेल्या वर्षीचं जुनंही उकरून काढू नका. मेसेज दोन तासांच्या मधल्या वेळात फोनवर वाचला जातो, म्हणून दोन ठळक प्रसंग पुरेत. बाकीची टिपणं भेटीला सोबत न्या.

दोन शाळेच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच मेसेजखाली एका ओळीत आठवण करा. त्यानंतरही काही नाही, तर शाळेच्या कार्यालयातून वेळ मागा. मारहाण, धमकी, किंवा मुलगा स्वतःला इजा करून घेण्याबद्दल बोलला, तर यातलं काहीच थांबण्यासारखं नाही. त्याच दिवशी फोन करून मुख्याध्यापकांना भेटा. स्वतःला इजा करण्याचं बोलला असेल, तर त्याला एकटं न सोडता डॉक्टरांनाही लगेच दाखवा.

भेटीत «लक्ष ठेवते» एवढ्यावर उठू नका. नक्कल वाचनाच्या वेळी होते, तर काही दिवस त्याला अचानक उभं करून वाचायला न लावता आधी सांगून, किंवा जोडीने वाचायला देता येईल का, हे विचारा. पण हे त्याला विचारून ठरवा. काही मुलांना वाचनातून वगळलं की जास्त लागतं. बाकाची जागा बदलायची तर नक्कल करणाऱ्यांची बदला, याची नको. मधल्या सुट्टीत नळाजवळ कोण असेल तेही ठरवून घ्या. घरी आल्यावर बाईंना लिहा: «आज ठरलं ते असं: एक…, दोन…. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलू.» काही विसरलं-चुकलं असेल तर त्या तिथेच दुरुस्त करतील आणि शुक्रवारी बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.