अडीच वर्षांच्या मुलाचे डोळे आलेत, ड्रॉप टाकू का?

«माझ्या अडीच वर्षांच्या मुलाचे डोळे आलेत. परवा एक डोळा लाल होता, आता दोन्ही आहेत. सकाळी पापण्या चिकटतात, मी घाबरून गेले आहे. जवळच्या औषधाच्या दुकानातून ड्रॉप आणलेत, टाकू का? घरात पाच वर्षांची मुलगीही आहे, तिला होऊ नये म्हणून काय करू? आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो.»

ताई, आधी ती बाटली उजेडात धरून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, ती बाटली कपाटातच राहू द्या. स्टिरॉइडने लाली झटक्यात उतरते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण संसर्ग हर्पिसच्या विषाणूचा असेल तर त्याच औषधाने बुबुळावरची जखम खोल जाते. मी १४ वर्षं लहान मुलांच्या ओपीडीत सिस्टर आहे. दुकानातून आणलेल्या अशा ड्रॉपने आधी बरं वाटलं आणि आठवड्याने डोळा उजेडात उघडेना, असं एक लेकरू मी स्वतः पाहिलंय. तेव्हापासून कोणी बाटली दाखवली की मी आधी नाव वाचते.

नुसतं अँटिबायोटिक असेल तरी आज लगेच टाकू नका. पापण्या सकाळी चिकटल्या म्हणजे पू झाला असं नसतं. रात्रभर डोळे मिटलेले असतात, विषाणूने आलेल्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा वाळून चिकटतं. खरी खूण दिवसा दिसते. सकाळी डोळे नीट पुसा, मूल जागं असताना तासाभराने परत बघा. पाणीच येत असेल, सोबत सर्दी असेल, तर बहुतेक विषाणूच आहे. त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, आठवडा ते दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त वाटतं, तेव्हा धीर सोडू नका. पण पुसल्यावर तासाभरात पिवळी-हिरवी दाट चिपडं परत गोळा झाली, दिवसभर तसंच चाललं, तर जिवाणू असण्याची शक्यता जास्त. मोठ्यांपेक्षा एवढ्या लहान मुलांत जिवाणूचं प्रमाण अधिक असतं, म्हणून हे बघणं टाळू नका.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीच्या सव्वादोन वर्षांच्या लेकीचं असंच झालं. सोमवारी उजवा डोळा, मंगळवारी डावा, नाक वाहत होतं. बहिणीला ड्रॉप हवे होते, मी म्हटलं थांब, आधी पुसून बघू. पाणी उकळून स्टीलच्या वाटीत कोमट होऊ दिलं, कापसाचे बोळे तयार केले. लेकीला ओढणीत हात बांधून मांडीवर घेतलं, नाहीतर ती बोळाच हिसकावते. ओला बोळा मिटलेल्या डोळ्यावर मिनिट-दोन मिनिटं धरून ठेवला, तेव्हा वाळलेलं चिपड मऊ झालं. कोरडं ओढलं तर पापण्यांचे केस निघतात, मूल मग पुढच्या वेळी जवळच येत नाही. नाकाच्या बाजूने कानाकडे एकदाच पुसायचं आणि बोळा फेकायचा. परत पुसायचं तर नवा बोळा. कमी बिघडलेला डोळा आधी, दोन्ही डोळ्यांना वेगळा कापूस. गुलाबजल, मध, आईचं दूध, काजळ, काही घालू नका. फक्त उकळून निवलेलं पाणी.

गुरुवारपर्यंत पाणीच होतं. शुक्रवारी सकाळी दहाला पुसलं, पावणेअकराला दोन्ही कोपऱ्यांत दाट पिवळं परत आलं. दुपारी ताप चढला आणि पोरगी उजवा कान ओढू लागली. मग मात्र आम्ही थांबलो नाही. डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं, पडदा लाल आणि फुगलेला. लहान मुलांत एकच जिवाणू डोळा आणि कान दोन्हीकडे असू शकतो, तेव्हा ड्रॉप पुरत नाहीत, तोंडाने अँटिबायोटिक लागतं. ड्रॉप देऊन पाठवलं असतं तर कान तसाच राहिला असता. म्हणून तुमच्या मुलाच्या कानाकडेही लक्ष ठेवा.

डॉक्टरांनी जिवाणू म्हणून ड्रॉप दिले तर सांगितलेले दिवस पूर्ण करा, लाली गेली म्हणून मधेच बंद नको. टाकताना एक सोपी युक्ती: मुलाला उताणं झोपवून डोळे मिटायला सांगा, थेंब नाकाजवळच्या कोपऱ्यात टाका. त्याने डोळे उघडले की थेंब आपोआप आत जातो. डोळा ओढून उघडायची झटापट लागत नाही. एका वेळी एकच थेंब पुरतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका आणि तीच बाटली मुलीसाठी ठेवू नका. औषध सुरू करून दोन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर परत दाखवा.

आता मुलीचं. डोळ्यांत बघितल्याने डोळे येत नाहीत, हातांनी येतात. हा चिमुकला डोळे चोळतो, तोच हात दाराच्या कडीला, खेळण्याला, ताईच्या उशीला. म्हणून टॉवेल, उशीची खोळ, रुमाल वेगळे करा आणि ते रोज गरम पाण्यात धुवा. या पावसात कपडे उन्हात वाळत नाहीत, ओलसर टॉवेल दोरीवर दोन दिवस तसाच राहतो. माझ्या घरी मी सरळ गरम इस्त्री फिरवते. तुमचे स्वतःचे हात डोळे पुसण्याआधी आणि नंतर साबणाने २० सेकंद धुवा. सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका, डोळे आणणाऱ्या काही विषाणूंवर तो फारसा चालत नाही, साबण चालतो. भावंडांना एकत्र झोपवत असाल तर आठवडाभर वेगळं झोपवा.

मुलीचे डोळे स्वच्छ असतील तर तिला शाळेत पाठवा. मुलाला मात्र डोळ्यांतून पाणी-चिपडं येतंय तोवर पाळणाघरात नेऊ नका. जिवाणूचं निदान होऊन अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर एक दिवस गेल्यावर साधारणपणे हरकत नसते.

आणखी एक, आणि यात वाट बघू नका. मूल उजेडात डोळा उघडतच नसेल, दुखतंय म्हणून रडत असेल, बुबुळावर पांढरट ठिपका दिसला, पापणी सुजून लाली गालाकडे सरकली आणि ताप आला, पापणीजवळ पाण्याचे फोड आले, किंवा डोळ्याला काही लागल्यानंतर हे सुरू झालं असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तुम्हाला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाची नेत्र ओपीडी जवळ पडेल. घरात महिन्याच्या आतलं बाळ असेल आणि त्याचे डोळे चिकटले, तर त्याला थेट डॉक्टरांकडेच न्या, घरी पुसत बसू नका.

आज दुपारी पुसल्यावर तासाभराने काय दिसलं, पाणी की पू, ते इथे लिहा, आणि बाटलीवरचं नावही. मी रात्री ड्युटीवरून आल्यावर बघते.