आटलेला कुर्ता, आटलेला स्वेटर: पाण्याने किती परत मिळतं?

प्रश्न: माझा नवा सुती कुर्ता आणि आईने विणलेला लोकरीचा स्वेटर, दोन्ही धुतल्यावर आटले. केसांच्या कंडिशनरच्या पाण्यात भिजवून ओढले की पहिल्यासारखे होतात असं एका व्हिडिओत पाहिलं. खरंच होतात का?

उत्तर: कुर्ता बऱ्यापैकी परत येईल, पण पुढच्या धुण्यात पुन्हा आखडेल. स्वेटरचं मात्र तो कशामुळे आटला यावर अवलंबून आहे. एका प्रकारात तो जवळजवळ पूर्ण परत येतो, दुसऱ्या प्रकारात कितीही भिजवला तरी बोटभरच वाढतो. मी राहायला कोल्हापुरात, पण नोकरी इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन-रंगवणाऱ्या कारखान्यात, कापड तपासण्याची केली. कापड आटतं किती आणि का, हेच तिथलं रोजचं काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कुर्ता. मागावर उभे धागे कायम ताणलेले असतात. पुढे धुलाई, रंगाई आणि स्टेंटर या कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रावरच्या वाळवणीतही कापड ओढूनच पुढे नेलं जातं आणि त्याच ताणात वाळतं. कापसाच्या तंतूतल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंध नावाच्या नाजूक जोडांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, कापड वाळलं की त्या वेळी ते ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणजे दुकानात तुम्ही पाहिलेली लांबी ही ताणून वाळवलेली लांबी होती. घरी बादलीत पडल्यावर कापडाला पहिल्यांदाच कुणी न ओढता भिजायला मिळालं.

नुसता ताण गेल्याने मात्र एवढा फरक पडत नाही. भिजल्यावर कापसाचा तंतू जाडीत साधारण 20 टक्के फुगतो, लांबीत जेमतेम 1 टक्का. विणलेल्या कापडात उभा धागा प्रत्येक आडव्या धाग्याच्या वरून-खालून वळसे घेत जातो. आडवे धागे फुगून जाड झाले की उभ्या धाग्याला प्रत्येक वळशाला जास्त लांबी लागते. त्याची स्वतःची लांबी तर वाढत नाही, मग तो कापडालाच आत ओढून घेतो. वाळल्यावर तंतू पुन्हा बारीक होतात, पण वळसे तसेच खोल राहतात. धागा एक सूतही कमी झालेला नसतो, त्याची लांबी वळणांत गेलेली असते. आटलेलं सुती कापड थोडं परत येतं ते याच कारणाने: ओलं असताना ओढलं की वळसे सरळ होतात, आणि तसंच वाळवलं किंवा इस्त्रीने सुकवलं की बंध त्या लांबीवर जुळतात.

यात एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. उभा धागा सरळ केला की वळसे आडव्या धाग्यात जातात, म्हणजे लांबीत जे मिळतं त्यातलं काही रुंदीतून जातं. आमच्या मेहुण्यांचा हातमागाचा कुर्ता 107 सेंटिमीटरचा होता, पहिल्या धुण्यात 101 झाला. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, न पिळता दाबून पाणी काढलं. टेबलावर पसरून खांदा एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने घेराकडे सरळ रेषेत ओढायचं, असं सगळ्या रुंदीभर केलं. मग ओलसर असतानाच, खालून ओढून धरत, कडक इस्त्री फिरवली. लांबी 105 मिळाली, पण छाती एका बाजूने 56 होती ती साडेचोपन्न झाली. ते सडपातळ आहेत म्हणून चाललं. तुमचा कुर्ता छातीतही घट्ट झाला असेल तर दोन्हीकडे एकदम ओढून फायदा नाही. कुठे जास्त गरज आहे ते आधी ठरवा.

पुढच्या धुण्यानंतर तोच कुर्ता 102 वर आला. यात घरी केलेल्या कामाची काही चूक नाही. स्टेंटरवर जे झालं तेच आपण टेबलावर केलं, आणि पाण्याने दोन्ही वेळा ते सोडवलं. सुती कापडाची निवांत लांबी हीच त्याची खरी लांबी, वरची सगळी उसनी. म्हणून दर धुण्यानंतर ओलसर असताना ओढून इस्त्री करायची तयारी असेल तरच हा उपाय धरा. हँगरला ओला टांगला तर पाण्याच्या वजनानेही थोडी लांबी टिकते. कंडिशनरचा सुती विणीत फारसा उपयोग नाही, साधं पाणी पुरतं. टी-शर्टसारख्या फासे असलेल्या विणीत त्याने धागे जरा सहज सरकतात, इतकंच. व्हिनेगरने काहीही होत नाही.

पुढच्या वेळी कापड घेऊन शिवणार असाल तर शिंप्याकडे देण्याआधी पाण्यातून काढून घ्या. आपल्या आज्या हे करायच्या ते अगदी बरोबर होतं. कारखान्यात हेच काम यंत्राने होतं. सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930 च्या सुमारास काढलेल्या पद्धतीत जाड रबरी पट्टा ताणून सोडतात आणि तो आखडताना ओलसर कापडाला लांबीत दाबून आणतो. असं कापड धुतल्यावर साधारण 1 टक्क्याच्या आतच आटतं.

आता स्वेटर. लोकरही पाण्यात फुगते, तिचेही हायड्रोजन बंध सुटतात, त्यामुळे कापसासारखं आखडणं तिच्यातही होतं आणि ते ओलं पसरून नीट परत येतं. पण लोकरीच्या तंतूवर खवले असतात, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला, मुळाकडून शेंड्याकडे. शेतात गवताचं कुसळ बाहीत शिरलं की हात हलेल तसं वरच चढत जातं, मागे येत नाही, तसंच या तंतूचं होतं. पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की प्रत्येक तंतू आपल्या मुळाच्या दिशेने सरकत राहतो, शेजारच्यांत अडकतो, आणि मागे फिरायला खवले देत नाहीत. यालाच नमदा होणं म्हणतात. गरम पाण्याने हे वेगाने होतं, पण घुसळण नसेल तर नुसत्या कोमट पाण्यात शांत पडलेला स्वेटर असा आटत नाही. मशीनमध्ये जीन्ससोबत फिरलेला आटतो.

ही गाठागाठ बंधांची नाही, तंतूंच्या गुंत्याची आहे, म्हणून पाणी तिला सोडवू शकत नाही. कंडिशनर इथे करतं ते एवढंच: त्यातले धन भाराचे रेणू तंतूच्या पृष्ठभागावर बसतात आणि खवल्यांचं घर्षण कमी होतं. ज्या तंतूंचा गुंता अजून पक्का झालेला नाही ते थोडे मागे सरकतात. पक्का झालेला गुंता कंडिशनरने उलगडत नाही.

तुमचा स्वेटर कुठल्या प्रकारात बसतो हे भिजवण्याआधीच कळतं. उजेडासमोर धरा. टाके वेगवेगळे दिसत असतील, बोटांनी हलके ताणल्यावर फासे उघडत असतील आणि मधून उजेड येत असेल, तर तो परत येणारा आहे. टाके पुसट झाले असतील, अंग जाड आणि मऊसूत लागत असेल, ताणल्यावर फासे न उघडता सगळं एकदम ताठ होत असेल, तर तो नमदा झाला. पूर्ण स्वेटर एकसारखा असेलच असं नाही, काखेत आणि बाह्यांवर घर्षण जास्त, तिथे आधी होतं. आकडा हवा असेल तर रंगीत दोऱ्याने दोन खुणा 10 सेंटिमीटर अंतरावर घाला, ओलं झाल्यावर हलक्या हाताने ओढा आणि मोजा. 11 पर्यंत सहज गेलं तर तिथे साधारण एवढीच वाढ मिळेल, त्यापुढे जोर लावाल तर टाके तुटतील.

वहिनीच्या स्वेटरवर हे सगळं एकदम दिसलं. अंगाची लांबी 62 वरून 55 झाली होती, बाही 46 वरून 40. अंगाचे टाके दिसत होते, बाह्यांचे नव्हते. पाच लिटर कोमट पाण्यात, म्हणजे हाताला गरम न वाटणाऱ्या, दोन मोठे चमचे कंडिशनर पूर्ण विरघळवून त्यात स्वेटर अर्धा तास अगदी न हलवता ठेवला. मग दोन्ही हातांनी खालून आधार देत उचलला, कारण ओला स्वेटर एका टोकाने धरला की स्वतःच्या वजनानेच वेडावाकडा होतो. त्याच तापमानाच्या पाण्यातून एकदा हलकेच काढला आणि जाड टॉवेलात गुंडाळून दाबला. कोरड्या टॉवेलावर पसरून आधी मधून कडेकडे, मग खांद्यापासून खाली, थोडं थोडं ओढत गेलो. कडेला न गंजणाऱ्या टाचण्या लावल्या आणि तसाच पंख्याखाली सावलीत वाळू दिला. अंग साडेएकोणसाठपर्यंत आलं. बाही 41 वर थांबली. दुसऱ्यांदा केल्यावर अंगात अर्धा सेंटिमीटर आणखी मिळाला, बाहीत काहीच नाही. तिथे थांबायचं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे काम करू नका. स्वेटर सुकायला फार वेळ घेतो, वास धरतो, आणि ओल टिकेल तितका वेळ ताण सुटत जातो. दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली. आणि ब्लीचचं पाणी लोकरीला मुळीच लावू नका, त्यात लोकर विरघळते. धुण्याचा सोडाही तिचा शत्रू आहे. लोकरीसाठी मिळणारा सौम्य साबण किंवा साधा शाम्पू वापरा, आणि पुढच्या वेळी बादलीत बुडवून दाबा, चोळू नका.

तुमचा स्वेटर आईने विणलेला आहे ही मोठी जमेची बाजू आहे. अंग परत आलं आणि बाह्याच नमदा होऊन राहिल्या, तर बाही जोडलेली शिवण उसवून बाह्या काढता येतात. मग बगलेच्या कडेवरचे टाके सुयांवर उचलून, त्याच जाडीच्या लोकरीने, आईला नव्या बाह्या विणता येतील. नवी लोकर विणण्याआधी लडी कोमट पाण्यात भिजवून वाळवून घ्या, म्हणजे ती पहिल्या धुण्यात वेगळी आखडणार नाही. जुनी उरलेली लोकर घरात असेल तर रंगही जुळेल. आईकडे एकदा विचारून बघा.