फोटोग्राफरकडे मूळ फाइल मागताना

ताई, लग्नाच्या फोटोंच्या मूळ फाइल मागताना पत्रात नुसतं ‘ओरिजिनल द्या’ लिहू नका. फोटोग्राफरला वाटतं तुम्ही रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली एडिट न केलेली कच्ची फाइल मागताय, आणि ती सहसा कुणी देत नाही. सोलापुरात भाचीच्या लग्नानंतर आमची दोन पत्रं अशीच वाया गेली. तिसऱ्यांदा लिहिलं: ‘दादा, तुम्ही एडिट केलेले जेपीजीच हवेत, पण पूर्ण आकाराचे. अक्षतांचा फोटो १२ बाय १८ इंचांत फ्रेम करायचाय. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत १६०० बाय १०६७ पिक्सेलची आहे. पेन ड्राइव्ह आणून देतो.’ दुसऱ्याच दिवशी फाइल मिळाल्या.

हिशेब असा: इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १८ इंचांना ५४०० लागतात. १६०० मध्ये जेमतेम सव्वापाच इंच नीट निघतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मात्र ६००० बाय ४००० देतो, म्हणजे फ्रेमला पुरून उरतं.

फाइल आली की नुसता आकडा बघून थांबू नका, कारण छोटा फोटो ताणूनही आकडा वाढवता येतो. १०० टक्के झूम करून शालूची जर बघा. आमच्या फोटोत जरीचा धागा न् धागा सुटा दिसत होता. व्हॉट्सॲपच्या प्रतीत तिथे नुसता पिवळा पट्टा होता.