गावाचा आराखडा आणि वाडीचं पाणी

प्रश्न: मी परळला राहतो, गाव रत्नागिरी जिल्ह्यात. ग्रामपंचायत पुढच्या वर्षाचा विकास आराखडा करतेय आणि आमच्या मुंबई मंडळाकडून सूचना मागवल्यात. गरजा ठरवायच्या कशा? आणि वेगवेगळ्या योजनांचे पैसे एका कामात आणता येतात म्हणतात, ते नेमकं कसं होतं?

मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आता भांडुपला मुलाकडे असतो. नोकरीची शेवटची वर्षं कोकणातच गेली. तिथल्या एका वाडीचं काम सांगतो, त्यात तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. शिवाय मुंबईकरांचा त्यात बराच हात होता, चांगला आणि वाईट.

साधारण अठराशे वस्तीचं गाव. वरच्या अंगाला 212 माणसांची एक वाडी. दरवर्षी ग्रामसभेत वाडीची मागणी एकच, बोअर मारून द्या. आधीची एक बोअर मार्चमध्येच कोरडी पडायची, तरी मागणी बोअरचीच. मुंबई मंडळाचं पत्र वेगळं यायचं, त्यात गावाच्या वेशीवर कमान आणि देवळापुढे पेव्हर ब्लॉक. दोन्ही कागद फाइलला लावायचे आणि आराखड्यात उतरवून टाकायचे, अशी आमची रीत होती. आराखडा नव्हताच तो, मागण्यांची यादी होती.

बदल झाला तो महिला सभेत. मोठ्या ग्रामसभेत बायका बोलत नाहीत, म्हणून त्यांची सभा आधी घ्यायची असते, आणि ती वाडीत घेतली तरच उपयोग. तिथे एक आजी म्हणाल्या, "बोअर कशाला, झरा हाय की. रात्री वाहून जातो आणि सकाळी आम्ही वाटीने भरतो." वाडीच्या वर कातळाच्या कडेला तो झरा. आम्हाला ठाऊक होता, पण त्याचं पाणी कुणी मोजलं नव्हतं.

मोजायला काही लागत नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. 2022 च्या एप्रिलमध्ये बादली भरायला 50 सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला 12 लिटर, दिवसाला 17,280. मेच्या मध्यावर 70 सेकंद लागले, म्हणजे दिवसाला सुमारे 12,300 लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर आहे. 212 माणसांना 11,660 लिटर लागतात. म्हणजे अगदी तळाच्या दिवसांतही पाणी जेमतेम पुरत होतं. टंचाई होती ती साठवणीची.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगितल्यावर आमच्या जलसुरक्षकाने विचारलं, "भाऊ, मेमध्ये वाडीत माणसं किती असतात?" चाकरमानी मी धरलेच नव्हते! घरोघर विचारलं तेव्हा आकडा साडेतीनशेच्या घरात गेला. त्यांना रोज 19,250 लिटर लागणार. जवळजवळ सात हजार लिटरची तूट, आणि तीही नेमकी झरा सर्वात बारीक असतो त्याच पंधरवड्यात. जनगणनेच्या आकड्यावर कोकणातल्या पाण्याचा आराखडा केला की तो मेमध्ये फसतो, तो असा.

मग गरजेचे तीन तुकडे झाले. झऱ्याचं पाणी रात्रीचं वाया जाऊ नये म्हणून कुंडी आणि साठवण टाकी. टाकीपासून घरापर्यंत पाइप. आणि मेची तूट कमी व्हावी म्हणून झऱ्याच्या वरच्या उतारावर पाणी मुरवणारे समतल चर. बोअर यादीतून आपोआप गेली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या तुकड्यांतच आहे. पैसे एकत्र आणणं याला सरकारी कागदांत अभिसरण म्हणतात. लोकांना वाटतं, चार योजनांचे पैसे एका डब्यात टाकायचे आणि काम करायचं. तसं होत नाही, हिशेब तपासणीत अडकतं. काम एक, पण त्याच्या प्रत्येक घटकाला एकच खातं, त्याचं स्वतंत्र अंदाजपत्रक आणि स्वतंत्र मोजमाप पुस्तिका. कुठला तुकडा कुठल्या खात्याच्या नियमात बसतो, ते पाहायचं.

कुंडी आणि 15 हजार लिटरची टाकी आम्ही वित्त आयोगातून घेतली. 15व्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित होता, 30 टक्के पाण्यासाठी आणि 30 टक्के स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. आमच्या ग्रामपंचायतीला वर्षाचे साधारण नऊ लाख यायचे, म्हणजे पाण्याचे 2 लाख 70 हजार. कुंडी आणि टाकीचं अंदाजपत्रक आलं 2 लाख 45 हजारांचं, ते बसलं. मंडळाचे पेव्हर ब्लॉक यातून का होत नाहीत, हे मला परळच्या एका खोलीत रविवारी दुपारी दोन तास समजावून सांगावं लागलं. अबंधितमधून होऊ शकतात, पण तिथे शाळेचं छत रांगेत पुढे होतं.

चर मनरेगातून. त्या योजनेत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण 60:40 राखावं लागायचं. चर म्हणजे जवळजवळ सगळी मजुरीच, त्यामुळे प्रमाण सांभाळायला उलट मदत झाली. 420 मनुष्यदिवस धरले. 2023-24 चा दर रोजचा 273 रुपये, म्हणजे 1 लाख 14 हजार 660 रुपये.

पाइपच्या बाबतीत चूक माझी. जलजीवनच्या अंदाजपत्रकात वाडीचे अंतर्गत पाइप आणि नळजोडण्या आधीच धरलेल्या होत्या, फक्त त्या गावातल्या खालच्या टाकीवरून. मी ते न पाहता तोच पाइप वित्त आयोगातही लिहिला. तालुक्याच्या तांत्रिक छाननीत उपअभियंत्यांनी बोट ठेवलं, "हा एकच पाइप दोन ठिकाणी कसा?" बरं झालं, तिथेच सापडला. नंतर सापडला असता तर वसुली निघाली असती. मग पाइप जलजीवनमध्येच ठेवला आणि तो वरच्या नव्या टाकीला जोडावा असा ग्रामसभेचा ठराव पाणीपुरवठा विभागाला दिला. तुमच्या गावात आराखडा लिहायला बसण्याआधी इतर खात्यांची मंजूर कामं मागवून घ्या. अर्धी कामं कुठेतरी आधीच मंजूर असतात.

क्रम असा: वाडीसभा, महिला सभा, शिवारफेरी, मग कच्चा आराखडा, तालुक्याची छाननी, ग्रामसभेची मंजुरी, आणि शेवटी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नोंद. शेवटची पायरी कारकुनी वाटते, पण काम तिथे नोंदलेलं नसेल तर वित्त आयोगाचा खर्च पडत नाही. आणि हो, ग्रामसभेत मत त्याचंच, ज्याचं नाव गावच्या मतदारयादीत आहे. नाव परळच्या यादीत असेल तर मंडळ सूचना देऊ शकतं, हात वर करू शकत नाही.

पैसा बसला तरी काम बसतंच असं नाही. आमचं दोन ठिकाणी अडलं.

एक, जागा. टाकीला एक गुंठा हवा होता आणि चर खणायला वरचा उतार. सातबारावर चौदा नावं, त्यातली नऊ मुंबईत. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, दोघांचं आपसात बोलणं नाही. ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र आणि चरांसाठी संमतिपत्रं झाल्याशिवाय तांत्रिक मान्यता मिळून उपयोग नव्हता. हे काम मुंबई मंडळाने केलं. दोन महिने दर रविवारी त्यांचे दोघे जण लोकलने फिरले आणि सगळ्या सह्या आणल्या. मंडळाने गावाला दिलेल्या कुठल्याही देणगीपेक्षा मला ते मोठं वाटतं.

दुसरं, वेळ. चर पावसाआधी हवेत, म्हणून आम्ही मार्च-एप्रिल धरला होता. पण तो आंब्याचा हंगाम. बागेत मजुरी जास्त आणि रोख, 273 रुपयांना कोण येणार? शेवटी डिसेंबरमध्ये काम मागणीचे अर्ज, म्हणजे नमुना 4, भरून घेतले आणि फेब्रुवारीपर्यंत हजेरीपट चालवले. 420 धरले होते, भरले 290 दिवस. उतार पूर्ण झाला नाही, खालचा भाग राहिला. टाकी फेब्रुवारी 2024 मध्ये झाली, पण जलजीवनचा ठेकेदार त्या उन्हाळ्यात फिरकलाच नाही. वर्षभर बायका टाकीच्या नळावर हंडे भरत होत्या. तरी वाटीने भरण्यापेक्षा बरंच.

2025 च्या मेमध्ये, पाऊस लागण्याआधी, जलसुरक्षकाने फोनवर सांगितलं की बादली 61 सेकंदांत भरली. दिवसाला 14 हजारांवर लिटर झाले. हे चरांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, आदल्या वर्षी पाऊसही चांगला होता. तीन-चार वर्षं दर मेमध्ये त्याच तारखेला मोजलं तर काही बोलता येईल. मेची तूट भरून निघालेली नाही, साडेतीनशे माणसांना अजून कमीच पडतं.

एक सावधगिरी. मी दिलेली टक्केवारी 15व्या वित्त आयोगाची आहे, त्याची मुदत मार्च 2026 पर्यंत. मनरेगाच्या जागीही केंद्राने डिसेंबर 2025 मध्ये नवा कायदा केला. म्हणून आकडे माझे धरू नका, ग्रामपंचायतीतून चालू परिपत्रक मागवा. तुकडे पाडायची पद्धत मात्र तीच राहील.

तुमच्या मंडळाने सूचनांच्या पत्रात काय लिहावं म्हणाल, तर कमान राहू द्या. मेमध्ये कुठल्या वाडीत किती माणसं उतरणार हा आकडा ग्रामपंचायतीकडे नसतो. तुमच्याकडे असतो, कारण गाड्यांची बुकिंगं तुम्हीच करता. ती यादी वाडीवार करून पाठवा, आणि सोबत सातबारावरच्या मुंबईकरांचे पत्तेही.