लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जातात

प्रश्न: एचडीएमआयने लॅपटॉप टीव्हीला जोडला की डेस्कटॉप मोठा दिसतो, टास्कबार अर्धा गायब. काय करू?

उत्तर: दोष लॅपटॉपचा नाही, टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा. जुन्या प्रक्षेपणातल्या खराब कडा लपवायला टीव्ही चित्र थोडं ताणतो. ती सवय अजून गेलेली नाही! सोलापुरात मामांकडे हेच झालं होतं. रिमोटवरून पिक्चर साइझमध्ये `16:9` होतं, ते `Just Scan` केलं आणि घड्याळासकट टास्कबार दिसला. तुमच्या टीव्हीत हेच `Screen Fit` किंवा `Full Pixel` नावाने असेल. नसेल तर त्या इनपुटचं नाव `PC` करून बघा, बऱ्याच टीव्हींत त्यानेही ताणणं थांबतं. ग्राफिक्स सेटिंगमधून चित्र लहान करणं मात्र शेवटी. कडा दिसतील, पण अक्षरं पुसट होतात. पोर्ट बदललात तर सेटिंग पुन्हा करावं लागू शकतं.