पर्सनल लोन, क्रेडिट कार्डाचे हप्ते आता झेपत नाहीत. दिवाळखोरी जाहीर केली तर सुटका होईल का?

होईल, पण लगेच नाही आणि फुकट तर नाहीच. नोकरदार माणसासाठी मुंबईत अजून १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा नादारी कायदा चालतो. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींचा भाग सध्या फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे. कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, पीएफ अशा मोजक्या गोष्टी वाचतात. कर्ज सुटतं ते पुढे कोर्टाने मुक्तता दिल्यावरच. गहाण घरावरचा बँकेचा हक्क मात्र तसाच राहतो.

म्हणून आधी एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत बघा. तडजोडीचं पत्र हातात पडल्याशिवाय रुपयाही भरू नका. त्यात रक्कम, तारीख आणि ‘उर्वरित येणं माफ’ हे स्पष्ट हवं. सिबिलवर मात्र ‘सेटल्ड’ शेरा लागतो, त्यामुळे नवं कर्ज मिळणं अवघड जातं.