सांधेबदल शस्त्रक्रियेचा खर्च: आधी लेखी अंदाजपत्रक, मग मुदत ठेव

प्रश्न: आईच्या (वय 66) डाव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात करायची आहे. हॉस्पिटलने 'अडीच-पावणेतीन लाख धरून चला' एवढेच तोंडी सांगितले. 5 लाखांचा विमा आहे, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला विमा रकमेच्या 1 टक्का. ट्विन शेअरिंग 5,000 रुपये आणि सिंगल रूम 7,500 रुपये. आईला सिंगल रूम घ्यावी असे वाटते. 3 लाखांची एफडी चार महिन्यांनी पूर्ण होते, ती आताच मोडावी का? आणि लेखी अंदाज मागितला तर डॉक्टरांना राग येईल का?

उत्तर: एफडी आज मोडू नका. शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असल्याने तुमच्या हातात वेळ आहे, आणि तुमच्या खिशातून नेमके किती जाणार हे त्या तोंडी आकड्यावरून कळणे शक्य नाही. ते बिलाच्या बेरजेपेक्षा बिलाच्या विभागणीवर अधिक अवलंबून आहे.

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000 रुपये होते. 7,500 ची खोली घेतली की वरचे 2,500 आपण भरू, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात विमा कंपनी खोलीबरोबर वाढणारे इतर आकारही, म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर यांचे शुल्क, त्याच प्रमाणात कापू शकते. विमा नियामकाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, उपभोग्य वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या आकारालाही ती लागत नाही, आणि ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीनुसार दर बदलतच नाहीत तिथेही नाही.

समजण्यासाठी एक गृहीत हिशेब मांडतो. सिंगल रूमचे चार दिवसांचे भाडे 30,000, सर्जन, भूलतज्ज्ञ व थिएटर मिळून 1,20,000, इम्प्लांट 70,000, औषधे व उपभोग्य वस्तू 35,000, तपासण्या 10,000, एकूण 2,65,000. खोलीच्या भाड्यातले 10,000 तुमच्याकडे येतील. 5,000 हे 7,500 चे दोन तृतीयांश असल्याने 1,20,000 पैकी एक तृतीयांश, म्हणजे 40,000 कापले जातील. हातमोजे, मास्क यांसारख्या विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे 8,000 धरले, तर खिशातून 58,000 जातात. आता तेच ट्विन शेअरिंगमध्ये पाहा. खोलीचे 20,000, शुल्क त्या वर्गाच्या दराने 1,00,000 आणि बाकी सगळे तेवढेच धरले, तर बिल 2,35,000 होते आणि तुमच्या वाट्याला फक्त 8,000 येतात. खोलीच्या भाड्यात फरक 10,000 चा, पण खिशाला फरक 50,000 चा. शिवाय दिवसाला 5,000 रुपयांहून जास्त भाड्याच्या खोलीवर, आयसीयू वगळता, जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटीही लागतो.

म्हणून अंदाजपत्रक मागताना दोन्ही वर्गांचे दोन स्वतंत्र आकडे मागा, आणि त्यात वरील पाच शीर्षके वेगवेगळी लिहून घ्या. 'सांधेबदल पॅकेज' असा एकच आकडा दिला, तर इम्प्लांट आणि औषधे वेगळी काढून दाखवता येत नाहीत आणि कपात सगळ्या पॅकेजवर लागण्याचा धोका राहतो. पॅकेजच घ्यायचे असेल, तर ते किती दिवसांचे, त्यात एखाद्या रात्रीचे आयसीयू धरले आहे का, फिजिओथेरपीची किती सत्रे आहेत आणि जास्तीच्या दिवसाला कोणता दर लागेल, हे त्याच कागदावर हवे. वॉकर आणि डिस्चार्जनंतर घ्यायच्या औषधांचा खर्च बहुधा पॅकेजबाहेर असतो.

इम्प्लांटची ओळ सर्वांत काळजीपूर्वक वाचा, कारण 'इम्प्लांट: 70,000' एवढ्यावरून काहीच समजत नाही. उत्पादक कंपनी, मॉडेल आणि धातू कोणता हे लिहिलेले असावे. मांडीच्या हाडाचा घटक, नडगीच्या हाडावरचा ट्रे, मधला प्लॅस्टिकचा भाग आणि लागल्यास वाटीचा घटक हे सगळे त्या किमतीत आहेत का, आणि बोन सिमेंट वेगळे लावणार का, हेही स्पष्ट करून घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये ठरवून दिल्या आणि बिलात इम्प्लांटची किंमत ब्रँड व उत्पादकाच्या नावासह वेगळी दाखवणे हॉस्पिटलांना बंधनकारक केले. बिलात जे वेगळे दाखवावेच लागते, ते अंदाजात वेगळे मागायला संकोच कशाला?

डॉक्टरांच्या रागाबद्दल: हा कागद मुळात त्यांच्याकडे मागायचाच नाही. त्यांच्याकडून शस्त्रक्रियेचे नेमके नाव, इम्प्लांटचा प्रकार आणि अपेक्षित दिवस लिहून घ्या आणि ती चिठ्ठी घेऊन बिलिंग किंवा विम्याचे कामकाज पाहणाऱ्या टीपीए डेस्कवर जा. कॅशलेससाठी विमा कंपनीला पाठवायच्या पूर्वमंजुरीच्या अर्जात हॉस्पिटलला दिवसाचे खोलीभाडे, तपासण्या, आयसीयू, थिएटर, डॉक्टरांचे शुल्क, औषधे-इम्प्लांट असे अपेक्षित आकडे भरावेच लागतात. म्हणजे तुम्ही त्यांना नवे काम सांगत नाही, आधी करून द्या एवढेच म्हणता. त्या भरलेल्या अर्जाची प्रतही मागून घ्या. तुम्हाला दिलेला अंदाज आणि कंपनीला कळवलेला आकडा यांत तफावत असेल, तर ती दाखल होण्याआधी विचारता येते. कागदावर तारीख, शिक्का, सही आणि अंदाज किती दिवस वैध आहे हे असू द्या. तरीही 'लेखी देत नाही' असे उत्तर मिळाले, तर मी दुसऱ्या हॉस्पिटलचा अंदाज मागवीन.

अंदाज म्हणजे हमी नव्हे, हेही लक्षात असू द्या. आईंना मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर तो आधीच सांगून त्याचा संभाव्य खर्च अंदाजात धरायला सांगा, कारण वाढीव बिलाचे कारण म्हणून पुढे तोच दाखवला जातो. मुक्काम वाढला किंवा रक्त द्यावे लागले तर खर्च वाढणारच. म्हणून अंदाजाच्या 15 टक्क्यांहून जास्त वाढ होत असेल तर आधी कळवावे, अशी ओळ त्यात घालून घ्या आणि दाखल झाल्यावर दर दिवसाचे अंतरिम बिल मागा.

पैशांची व्यवस्था यानंतर ठरवा. कागद हातात आला की पॉलिसीत सांधेबदलावर वेगळी मर्यादा, साठीनंतर बिलाचा काही वाटा स्वतः भरण्याची अट किंवा या शस्त्रक्रियेला विमा लागू होण्याआधीचा न संपलेला प्रतीक्षा काळ नाही ना, हे विमा कंपनीकडून ईमेलवर विचारून घ्या. यांपैकी काही निघाले तर वरचा हिशेब बदलेल. काही नसेल, तर ट्विन शेअरिंगसाठी 50,000 आणि सिंगल रूमसाठी 1 लाख रुपये हाताशी असणे मला पुरेसे वाटते. त्यात 15 टक्क्यांची वाढ आणि डिस्चार्जनंतरचा खर्च बसतो. हॉस्पिटल अनामत मागेल, ती कॅशलेस मंजुरीनंतर कधी आणि कशी परत मिळेल हेही लिहून घ्या. तेवढी रोकड नसेल, तर एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज लावतात, तेही वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांसाठी. सिंगल रूमचा निर्णय आईंचा आणि तुमचा आहे, पण तो 10,000 चा समजून न घेता 50,000 चा समजून घ्या.